वीजबिल हाती आलंच नाही आणि विलंब आकार लागला: माफीचं पत्र कसं लिहावं

बिल दारात आलंच नाही, मुदत उलटून गेली आणि मग वाढलेली रक्कम दिसली की बहुतेक जण दोन ओळींचा अर्ज देतात: 'बिल मिळाले नाही, तरी दंड माफ करावा.' असा अर्ज टेबलावर पडून राहतो. तिथल्या माणसाचा हेतू वाईट असतो असं नाही. रक्कम कमी करायची तर त्याला कागदावर कारण दाखवावं लागतं आणि 'ग्राहक म्हणतो' हे कारण वरच्या सहीपर्यंत टिकत नाही. म्हणून कार्यालयाला स्वतःच्याच नोंदी उघडून तपासता येतील अशा गोष्टी पत्रात द्यायच्या. ज्यांनी असं पत्र कधीच लिहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम एका उदाहरणावरून सांगतो.

समजा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक पिठाची गिरण आहे. जोडणी काकांच्या नावावर आहे, पण गिरण चालवतात काकू. ३ जूनच्या तारखेचं १८,४०० रुपयांचं बिल निघालं, भरायची शेवटची तारीख १८ जून. बिल गिरणीत आलं नाही. 'या महिन्यात बिल कसं दिसलं नाही?' असं २४ जूनला काकूंच्या लक्षात आलं, पुतण्याने मोबाइलवर बघितलं, तर रक्कम १८,६३० झालेली. वरचे २३० रुपये म्हणजे विलंब आकार. मुदतीत न भरलेल्या बिलावर, कर आणि शुल्क धरून, १.२५ टक्के आकार लागतो. १८,४०० च्या सव्वा टक्क्याचे २३० रुपये होतात.

घरगुती बिल दोन हजारांचं असेल तर हाच आकार २५ रुपये होतो. तेवढ्यासाठी पत्र लिहावं का? एकदाच झालं असेल तर मी म्हणेन, रक्कम सोडून द्या, पण बिल न पोहोचल्याची तक्रार मात्र नोंदवा. गिरण, लेथ, बर्फाचा कारखाना, मंगल कार्यालय अशा ठिकाणी बिल मोठं असतं. तिथे पत्र लिहिलंच पाहिजे. तसंच घरी लागोपाठ दोन-तीन बिलं गायब झाली असतील तर रक्कम कितीही असो, लिहा. कारण बिल वेळेत न भरल्याची नोंद तुमच्या खात्यावर चढत असते आणि थकीत रकमेवरचं व्याज वेगळं.

आधी शोधा, मग लिहा

पत्राला हात घालण्याआधी बिल खरंच आलं नाही ना, याची खात्री करा. मीटरच्या पेटीमागे, शटरच्या फटीत, शेजारच्या दुकानात, अपार्टमेंट असेल तर वॉचमनकडे आणि जिन्याखालच्या पेटीत बघा. बिल वाटणारा मुलगा घाईत असतो. गल्लीतली सगळी बिलं एकाच दुकानात ठेवून पुढे गेला, असंही होतं. असं शेजारी पडलेलं बिल सापडलं तर ते का सापडलं, हे पत्रात जसंच्या तसं लिहा. 'बिल आलंच नाही' असं लिहून नंतर ते शेजाऱ्याकडे निघालं तर तुमचं बाकीचं पत्रही कोणी खरं धरणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बिल आल्याचं तुम्हाला मुदतीच्या आत दुसऱ्या मार्गाने कळलं होतं का? मोबाइलवर संदेश आला होता, ॲपमध्ये रक्कम पाहिली होती, तरी कागद नाही म्हणून भरलं नाही, असं असेल तर हे पत्र लिहू नका. ते टिकणार नाही आणि टिकूही नये.

आणि एक तपासणी 'गो-ग्रीन'ची. महावितरणच्या या योजनेत ग्राहक कागदी बिल सोडून फक्त ई-मेल आणि मोबाइलवर बिल घेतो, बदल्यात सवलत मिळते. घर किंवा दुकान तुम्ही नुकतंच घेतलं असेल तर आधीच्या मालकाने हा पर्याय निवडलेला असू शकतो. मग कागदी बिल छापलंच जात नाही आणि ई-मेल जातो जुन्या मालकाला. जुन्या बिलावर गो-ग्रीनची सवलत वजा झालेली दिसते का, ते बघा. दिसत असेल तर तुमचं पत्र वेगळं होतं: माफी मागण्याआधी गो-ग्रीन बंद करून ई-मेल बदलून घ्यायला हवा.

पैसे आधी भरा

पत्राचं उत्तर येईपर्यंत बिल अडवून ठेवायचं नाही. २३० रुपयांच्या वादापायी १८,४०० थकवले तर त्या सगळ्या रकमेवर व्याज सुरू होतं. शिवाय थकबाकीदाराला पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडण्याचा अधिकार विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ ने कंपनीला दिलेला आहे. त्याच कलमात ग्राहकाची सोयही आहे: वादातली रक्कम हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. म्हणून १८,६३० पूर्ण भरायचे, पावती काढायची आणि पत्रात स्वच्छ लिहायचं की २३० रुपये हरकत राखून भरले आहेत. माफी मंजूर झाली की ते पुढच्या बिलातून वजा होतात.

आमच्या उदाहरणात काकांनी २४ जूनलाच ऑनलाइन पैसे भरले. गिरणीसारखं मोठं बिल रोखीने भरायला गेलात तर खिडकीवरून परत यावं लागेल, कारण रोख फक्त ५,००० रुपयांपर्यंत घेतात.

बिल पाहायला कागद लागत नाही. `wss.mahadiscom.in` वर १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाकलं की चालू बिल दिसतं. दोन्ही आकडे कुठल्याही जुन्या बिलाच्या वरच्या भागात असतात. ते बिल छापून घ्या, पत्राला जोडायला लागेल. बिलाची तारीख आणि शेवटची तारीख यांतलं अंतरही मोजा. घरगुती आणि शेतीच्या ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून किमान २१ दिवस आणि बाकीच्यांना किमान १५ दिवस मिळायला हवेत. गिरणीच्या बिलात ३ ते १८ जून असे पंधरा दिवस होते, म्हणजे त्या बाजूने बोलायला जागा नाही. तुमच्या बिलात अंतर कमी भरलं तर मात्र तोच पहिला मुद्दा करा. तो बिलावरच छापलेला असतो, वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

पुरावा कसला द्यायचा

न आलेल्या कागदाचा पुरावा देणार कसा, असं वाटतं. थेट देता येत नाहीच. पण आजूबाजूच्या चार गोष्टींवरून ते पटवता येतं.

सगळ्यात वजनदार असते शेजाऱ्यांची साक्ष. बिलावर पी.सी., चक्र, मार्ग-क्रम अशा आकड्यांची एक ओळ असते. रीडिंग घेणारा आणि बिल वाटणारा याच मार्गाने चालतो. एका गल्लीतले मीटर साधारण एकाच मार्गावर, लागोपाठच्या क्रमांकावर येतात. म्हणून तुमचं एकट्याचं बिल गहाळ होण्यापेक्षा तीन-चार दुकानांचं एकदम गहाळ होणं अधिक संभवतं. काकूंनी शेजारच्या लाँड्रीत आणि सायकलच्या दुकानात विचारलं. त्यांनाही जूनचं बिल मिळालं नव्हतं. लाँड्रीवाल्यांनी मेचं बिल काढून दाखवलं, तर मार्ग तोच आणि क्रम गिरणीच्या लगेच पुढचा. अशा दोन शेजाऱ्यांचे ग्राहक क्रमांक त्यांच्या परवानगीने पत्रात लिहिले आणि खाली त्यांच्या सह्या घेतल्या की गठ्ठाच वाटला गेला नाही, हे कार्यालयाला स्वतः पडताळता येतं.

उलट शेजाऱ्यांना बिलं मिळाली आणि तुमचंच नाही, असं असेल तर जुन्या आणि नव्या बिलावरची मार्ग-क्रमाची ओळ शेजारी ठेवून बघा. मीटर बदलल्यावर किंवा मीटरची जागा हलवल्यावर क्रम बदललेला असेल तर बिल भलत्याच गठ्ठ्यात गेलेलं असू शकतं. हा फरक सापडला तर तोही पत्रात घाला.

दुसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची, आणि इथेच बहुतेक पत्रं अडतात. काउंटरवर पहिलंच वाक्य येतं, 'काकू, बिलाचा मेसेज गेलाय की!' तो गेलेला असतो, पण कुठल्या क्रमांकावर? काकांनी जोडणी घेताना दिलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला. तोच क्रमांक कंपनीच्या नोंदीत होता. क्रमांक अद्ययावत ठेवायची जबाबदारी ग्राहकाची, हे कार्यालयाचं म्हणणं चुकीचं नाही. त्यामुळे पत्रात ही गोष्ट लपवायची नाही आणि तिच्यावर रागही काढायचा नाही. नोंदीतला क्रमांक बंद आहे, म्हणून संदेशही मिळाला नाही आणि नवा क्रमांक अमुक तारखेला नोंदवला, इतकंच लिहायचं. आणि खरंच नोंदवायचं. त्यासाठी स्वतःच्या मोबाइलवरून 9930399303 या क्रमांकावर असा संदेश पाठवायचा, अंकांच्या जागी आपला ग्राहक क्रमांक घालून:

```
MREG 123456789012
```

तिसरी गोष्ट, आजवर बिलं वेळेत भरल्याचा इतिहास. मागच्या बारा महिन्यांच्या पावत्या किंवा संकेतस्थळावरची भरण्याची यादी जोडा. वर्षभर एकदाही मुदत न चुकलेला ग्राहक जूनमध्येच का चुकला, याचं उत्तर मग पत्रात आपोआप दिसतं. दर दोन महिन्यांनी मुदत चुकवणाऱ्याला हा आधार नाही, त्याने यादी जोडू नये.

चौथी, तक्रारीची तारीख. बिल मिळालं नाही हे लक्षात आलं त्याच दिवशी १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. पत्र दोन दिवसांनी गेलं तरी पहिली नोंद त्या दिवसाची राहते.

कोणाला लिहायचं

वायरमन बसतो त्या शाखा कार्यालयात हे पत्र देऊन उपयोग नाही. बिलाची दुरुस्ती उपविभागात होते. बिलावर तुमच्या उपविभागाचं नाव असतं, त्याच उपविभागाच्या प्रमुख अभियंत्याच्या नावे पत्र लिहा. ताराबाई पार्कातल्या विद्युत भवनात मोठे अधिकारी बसतात म्हणून अनेक जण थेट तिकडे जातात. पहिलं पत्र तिथे दिलं तर ते फिरून उपविभागातच येतं आणि मधले दिवस वाया जातात.

सही जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याची हवी. भाडेकरू असाल तर घरमालकाची सही घ्या, किंवा त्यांचं चार ओळींचं संमतिपत्र आणि भाडेकराराची प्रत जोडा. ज्याच्या नावावर जोडणी आहे ती व्यक्ती हयात नसेल तर वारसाने मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून सही करावी आणि नाव बदलण्याचा अर्ज वेगळा द्यावा. दोन्ही मागण्या एका पत्रात घातल्या तर नावबदलाची कागदपत्रं पुरी होईपर्यंत माफीचा विषयही लटकतो.

पत्राचा मजकूर

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
(बिलावर छापलेले उपविभागाचे नाव), कोल्हापूर.

विषय: जून महिन्याचे वीजबिल वितरित न झाल्याने लागलेला २३० रुपये विलंब आकार रद्द करण्याबाबत.

ग्राहक क्रमांक: (१२ अंकी)   बिलिंग युनिट: (४ अंकी)
जोडणीचा पत्ता: पिठाची गिरण, मंगळवार पेठ, कोल्हापूर

महोदय,

वरील जोडणीचे दि. ३ जूनचे १८,४०० रुपयांचे बिल आम्हाला मिळाले नाही. बिलाची अंतिम तारीख १८ जून होती. दि. २४ जून रोजी संकेतस्थळावर पाहिल्यावर बिल निघाल्याचे समजले. त्याच दिवशी १९१२ वर तक्रार नोंदवली (तक्रार क्रमांक ......) आणि विलंब आकारासह १८,६३० रुपये भरले. त्यापैकी २३० रुपये हरकत राखून भरले आहेत.

बिल वितरित न झाल्याबाबत पुढील बाबी आपल्या नोंदींवरून पडताळता येतील.

आमच्या लगतच्या दोन जोडण्यांनाही (ग्राहक क्रमांक ...... व ......) जूनचे बिल मिळालेले नाही. तिन्ही जोडण्या एकाच मार्गावर लागोपाठच्या क्रमाने आहेत. सदर ग्राहकांच्या सह्या खाली आहेत. या मार्गावरील जूनच्या बिलवाटपाची नोंद तपासावी, ही विनंती.

आम्ही गो-ग्रीन योजनेत सहभागी नाही. आपल्याकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद असल्याने संदेशही मिळाला नाही. नवीन क्रमांक दि. २४ जून रोजी नोंदवला आहे.

मागील बारा महिन्यांची सर्व बिले मुदतीत भरली आहेत. यादी सोबत जोडली आहे.

तरी जूनच्या बिलावरील २३० रुपये विलंब आकार रद्द करून ती रक्कम पुढील बिलात समायोजित करावी आणि यापुढे बिल वरील पत्त्यावर मिळेल अशी व्यवस्था करावी. निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपला,
(ग्राहकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)
दि. २६ जून

सोबत: जूनच्या बिलाची संकेतस्थळावरील प्रत, पैसे भरल्याची पावती, मेच्या बिलाची प्रत, बारा महिन्यांची भरणा यादी.

या पत्रात मागणी एकच आणि आकड्यासह आहे. 'सर्व दंड व व्याज माफ करावे' असं मोघम लिहिलं की जुनी थकबाकीही त्यात धरायची का, हा प्रश्न निघतो आणि कागद बाजूला पडतो. गिरणीला धंदा नाही, घरात आजारपण आहे, अशी कारणंही इथे घालू नका. ती खरी असतील, पण मग हे दयेच्या अर्जासारखं वाचलं जातं. आपलं म्हणणं एवढंच आहे की बिल पोहोचवण्याचं काम झालं नाही. बिल वाटणाऱ्या मुलावर आरोप करण्याचीही गरज नाही. वाटपाची नोंद तपासा म्हटलं की ते काम बहुधा ठेक्यावर ज्या एजन्सीला दिलेलं असतं, तिच्यापर्यंत विषय जातोच.

लवकर भरल्याबद्दल मिळणारी एक टक्क्याची सूटही काकूंची बुडाली. ती मागावी का? माझं मत, नको. ती ठरावीक तारखेआधी पैसे भरल्याचं बक्षीस आहे. तिचा विषय काढला की विलंब आकाराचा साधा मुद्दा गुंतागुंतीचा होतो.

२०१९ आणि २०२१ सारखा पूर आला असेल तर पत्र याहून सोपं होतं. तुमच्या भागात पाणी कोणत्या तारखेला आलं आणि कधी ओसरलं, एवढं लिहून पंचनाम्याची प्रत जोडली की बाकीच्या पुराव्याची गरज उरत नाही.

पोच घेतल्याशिवाय परतू नका

पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' असं कोणी म्हणालं तरी नम्रपणे सांगा, 'दादा, तेवढा शिक्का मारून द्या, लगेच जातो.' शिक्का मिळतच नसेल तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

पुढचं बिल निघण्याआधी पत्र पोहोचलं तर बरं. तोवर २३० रुपये हा स्वच्छ, सुटा आकडा असतो. थकबाकी राहिलेली असेल आणि दुसरं बिल निघालं, तर त्यात व्याज मिसळतं आणि दुरुस्तीचा हिशोब किचकट होतो. आवक क्रमांक घेतल्यावर बिलिंगच्या टेबलावर जाऊन एकदा विचारा, 'याची बी-८० करणार का?' बिल दुरुस्तीच्या प्रस्तावाला कार्यालयात बी-८० म्हणतात. ती तयार होऊन मंजुरीला गेली, एवढं कळलं की पत्र मार्गी लागलं समजा.

मंजूर झालं की नाही, हे पुढच्या बिलावर कळतं. 'समायोजित रक्कम' या ओळीत २३० वजा दिसायला हवेत. मंजुरीआधीच बिल छापायला गेलं असेल तर ती वजावट त्यानंतरच्या बिलात येते. तिथेही दिसली नाही तर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख लिहून चार ओळींचं स्मरणपत्र द्या. सगळी कहाणी पुन्हा लिहू नका.

लेखी नकार आला, किंवा स्मरणपत्रालाही उत्तर नाही, तर कोल्हापूर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. एका महिन्याच्या २३० रुपयांसाठी मी कोणाला मंचाकडे पाठवणार नाही. पण त्याच गल्लीतली बिलं वारंवार गहाळ होत असतील तर गिरण, लाँड्री आणि सायकलवाले तिघांनी आपापला अर्ज करावा आणि प्रत्येक महिन्याची शिक्का मारलेली पोच सोबत लावावी. बिल वाटल्याची नोंद दाखवा, असं मंच कार्यालयाला सांगू शकतो.